ऑफर स्वीकारण्याआधी पगार आणि रुजू होण्याच्या तारखेबद्दल पत्र कसं लिहावं

हे पत्र लेखी ऑफर हाती आल्यावर आणि ती स्वीकारण्याआधी पाठवायचं. एकदा ‘मान्य’ कळवलं की आकड्यावर बोलायला फारशी जागा उरत नाही. ऑफर लेटरवर मुदत दिलेली असते, तिच्या आत ईमेल जायला हवा. फोनवर बोलणं झालं असेल तरी तेच मुद्दे लिहून पाठवा.

आधी ऑफरचं गणित मांडा. समजा, सीटीसी 12 लाख आहे आणि त्यात दीड लाख व्हेरिएबल. म्हणजे फिक्स्ड साडेदहा लाख. बेसिक महिना 45 हजार असेल, तर कंपनीच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ वर्षाला 64,800 आणि ग्रॅच्युइटी सुमारे 26 हजार, हे दोन्ही बहुतेक वेळा सीटीसीतच धरलेलं असतं. उरतात महिना साधारण 80 हजार. त्यातून तुमचा पीएफ 5,400 आणि व्यवसाय कर 200 गेला की आयकराआधी हातात 74 हजारांच्या आसपास येतात. लाखाच्या हिशेबाने घरभाडं ठरवलं असेल तर इथेच फसगत होते. म्हणून मागणी ‘इन हँड’ची नको, फिक्स्डची करा. एचआरला तोच आकडा बदलता येतो.

तारखेसाठी सध्याच्या नेमणूकपत्रातलं नोटीस पीरियडचं कलम वाचा. 90 दिवस असतील आणि राजीनामा 10 जूनला दिला, तर शेवटचा दिवस 8 सप्टेंबरच्या आसपास येतो. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होईलच असं धरू नका. ते सध्याच्या कंपनीच्या मर्जीवर असतं. नोटीस विकत घ्यायची झाल्यास रक्कम बेसिकवर मोजतात की ग्रॉसवर, हेही तिथेच पाहा. फरक मोठा पडतो.

मजकूर असा ठेवता येईल:

“आदरणीय महोदया, ऑफरबद्दल आभार. या पदावर काम करायची माझी मनापासून इच्छा आहे. माझा याच कामातला सहा वर्षांचा अनुभव पाहता फिक्स्ड पगार 10.5 ऐवजी 11.4 लाख करावा, ही विनंती. माझा नोटीस पीरियड 90 दिवसांचा असल्याने मी 9 सप्टेंबरला रुजू होऊ शकेन. 1 ऑगस्टलाच यायचं असल्यास उरलेल्या दिवसांच्या नोटीसची रक्कम कंपनीने भरावी. हे मान्य असल्यास सुधारित ऑफर लेटर पाठवावं. ते मिळताच मी स्वीकृती कळवून राजीनामा देईन.”

घरचे हप्ते, मुलांची फी ही कारणं लिहू नका. अनुभव किंवा हातात असलेली दुसरी लेखी ऑफर यांनाच वजन असतं. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म 16 आणि नेमणूकपत्र तयार ठेवा, मागितल्यावरच द्या. जुना पगार फुगवून सांगितला तर पडताळणीत तो उघडा पडतो आणि ऑफरच रद्द होऊ शकते.

फिक्स्ड वाढवण्याऐवजी जॉइनिंग बोनस देऊ केला, तर वर्षभरात नोकरी सोडल्यास तो परत करावा लागतो का, ते विचारा. सुधारित पत्रात पगार आणि तारीख दोन्ही बदललेले दिसेपर्यंत राजीनामा देऊ नका.