'अधिक-उणे ३ टक्के' आले कुठून, आणि त्यात काय मावत नाही

जनमत चाचणीच्या आकड्यांखाली बारीक अक्षरात एक ओळ असते: 'नमुना १०००, मार्जिन ऑफ एरर अधिक-उणे ३ टक्के'. ती वाचून बहुतेकांचा समज होतो की चाचणी चुकलीच तर फार तर तीन टक्क्यांनी चुकेल. या ओळीत तसं काहीच म्हटलेलं नाही.

आधी ते ३ टक्के काढून पाहू. समजा हजार जणांना विचारलं आणि ४२ टक्क्यांनी 'अ' पक्षाचं नाव घेतलं. ०.४२ ला ०.५८ नं गुणायचं, १००० नं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं ०.०१५६. त्याला १.९६ नं, म्हणजे ९५ टक्क्यांच्या पातळीसाठी ठरलेल्या गुणकानं, गुणलं की साधारण ३.१ टक्के. म्हणजे 'अ'चा पट्टा ३८.९ ते ४५.१. हाच ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल. या हिशेबात मतदारांची एकूण संख्या कुठेच आली नाही. त्यामुळे गोव्यातले हजार आणि महाराष्ट्रातले हजार, दोन्हीकडे पट्टा जवळपास तेवढाच.

आता 'ब' पक्षाला ३८ टक्के मिळाले असतील तर 'अ' चार टक्क्यांनी पुढे आहे, असं वाहिनीवर ठणकावून सांगितलं जातं. पण ३ टक्के हे एकेका पक्षाच्या आकड्याचे. दोघांमधल्या फरकाचा पट्टा वेगळा काढावा लागतो, कारण नमुन्यात 'अ'चा माणूस जास्त आला की 'ब'चा बहुधा कमी येतो. तो इथे निघतो अधिक-उणे साडेपाच. म्हणजे 'अ'ची आघाडी साडेनऊ टक्केही असू शकते किंवा तो दीड टक्क्यानं मागेही असू शकतो.

हा पट्टा मांडला येर्झी नेमान या पोलिश गणितज्ञानं. १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत त्यानं नमुना पाहणीवर निबंध वाचला आणि 'कॉन्फिडन्स इंटरव्हल' हा शब्द तिथे आणला. चर्चेत आर्थर बाउली या जुन्याजाणत्या संख्याशास्त्रज्ञानं शंका काढली की, हा 'कॉन्फिडन्स' म्हणजे 'कॉन्फिडन्स ट्रिक' तर नव्हे? इंग्रजीत कॉन्फिडन्स ट्रिक म्हणजे विश्वास संपादून घातलेला गंडा. बाउलीला हवं होतं ते साधं उत्तर: खरा आकडा या पट्ट्यात असण्याची शक्यता किती? नेमान नेमकं तेवढंच द्यायला तयार नव्हता. १९३७ च्या निबंधात त्यानं बाजू सविस्तर मांडली. ९५ टक्के हे पद्धतीचं वर्णन आहे, हातातल्या पट्ट्याचं नव्हे. चिठ्ठ्या टाकून पुन्हा पुन्हा नमुने काढले आणि दर वेळी असा पट्टा आखला, तर शंभरातल्या सुमारे ९५ पट्ट्यांत खरा आकडा सापडेल. आज आखलेला पट्टा त्या ९५ मधला की उरलेल्या पाचांमधला, हे पट्ट्याकडे बघून कळत नाही.

या सगळ्याची अट एकच: चिठ्ठ्या खरोखर टाकलेल्या हव्यात. प्रत्येक मतदार नमुन्यात येण्याची शक्यता ठाऊक हवी, आणि निवडलेल्या प्रत्येकानं उत्तर द्यायला हवं.

अट मोडली की काय होतं ते नेमानच्या १९३४ च्या निबंधानंतर दोनच वर्षांत दिसलं होतं. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं धाडल्या आणि तेवीस लाखांहून अधिक परत आल्या. दोन मुख्य उमेदवारांचा हिशेब निघाला लँडन ५७, रूझवेल्ट ४३. वरचंच सूत्र तेवीस लाखांना लावलं तर मार्जिन येतं ०.०६ टक्क्याच्या आसपास. प्रत्यक्षात रूझवेल्टला जवळपास ६१ टक्के मतं पडली. चूक अठरा टक्क्यांची.

पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या यादीतून घेतले होते, म्हणून मंदीतला गरीब मतदार सुटला, ही गोष्ट सगळे सांगतात. ती अर्धीच आहे. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या १९३७ च्या एका पाहणीत लोकांना विचारलं होतं, तुम्हाला डायजेस्टची पत्रिका आली होती का, आणि तुम्ही ती परत पाठवलीत का? १९८८ मध्ये त्या उत्तरांचा हिशेब मांडला गेला तेव्हा दिसलं की पत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी ती परत पाठवली असती, तर डायजेस्टलाही रूझवेल्टच जिंकताना दिसला असता. लँडनवाल्यांनी पत्रिका हौसेनं परत केल्या, रूझवेल्टवाल्यांनी तेवढ्या केल्या नाहीत.

हाच धडा आपल्याकडे एका मराठी माणसानं शेतात दाखवला. साताऱ्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे तिसाच्या दशकात लंडनला नेमानच्याच हाताखाली नमुना पाहणी शिकले. परतल्यावर पिकाच्या उताऱ्याचा अंदाज हा त्यांचा विषय झाला. शेतात चिठ्ठीनं जागा ठरवायची, छोटा तुकडा आखायचा, तेवढंच कापून वजन करायचं. १९४६ साली त्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला की उतारा फुगतो. कारण अगदी साधं आहे: कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, या प्रश्नावर कापणाऱ्याचा हात आत घेण्याकडे झुकतो.

हिशेब करून बघा. ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कड फक्त ५ सेंटिमीटर बाहेर सरकली तर क्षेत्र १७ टक्क्यांनी वाढतं. १० मीटर बाय ५ मीटरच्या तुकड्यात तीच चूक ३ टक्क्यांवर राहते. आणि अशी दहा हजार छोटी वर्तुळं कापली तर? मार्जिन निमुळतं होत जातं, पण ते सरकलेल्या आकड्याभोवतीच. मला डायजेस्टपेक्षा हे उदाहरण जास्त पटतं, कारण इथे चिठ्ठ्या नीट टाकलेल्या होत्या. खोट मोजणाऱ्याच्या हातात होती.

निवडणूक चाचणीत अशा कडा बऱ्याच असतात. दार न उघडणारे, फोन कापणारे, गावात परक्या माणसाला सत्ताधाऱ्याचंच नाव सांगणारे, 'मतदान करणार' म्हणून घरी बसणारे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या १९९८ ते २०१४ या काळातल्या राज्यपातळीवरच्या ६०८ निवडणुका आणि त्यांच्या ४२२१ चाचण्या तपासल्या होत्या. प्रत्यक्ष चूक सरासरी साडेतीन टक्के निघाली, छापलेल्या मार्जिनवरून अपेक्षित असते त्याच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय एका निवडणुकीतल्या चाचण्या बहुधा एकाच बाजूला चुकत होत्या. म्हणून दहा चाचण्यांची सरासरी काढूनही ती चूक पुरती धुऊन निघत नाही.

आपल्याकडे आणखी एक उडी असते, मतांवरून जागांवर. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांमध्ये एक टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र ३० आणि १७, सांगलीत अपक्ष. बारीक अक्षरातलं ते ३ टक्के मतांच्या टक्केवारीचं असतं. जागांचा आकडा त्यापुढे ४८ मतदारसंघांबद्दलच्या गृहीतकांवर काढलेला असतो, आणि त्या गृहीतकांसाठी अधिक-उणे बहुधा छापलेलं नसतं.