मध्यरात्रीचा भुंकणारा खोकला

दीड वर्षाचं मूल आहे असं धरा. दोन दिवस नाक वाहतंय, अंग थोडं कोमट आहे, आवाज संध्याकाळपासून बसलाय. नऊला जेवून शांत झोपलं. आणि रात्री दीडला अंधारातून असा आवाज येतो, की घरात कुत्रं शिरलं की काय असं वाटावं. मूल उठून बसलेलं असतं, खोकतंय ते भुंकल्यासारखं, आणि दोन खोकल्यांच्या मध्ये श्वास आत घेताना एक कर्कश, ओढल्यासारखा आवाज होतोय. घाबरून ते रडायला लागतं. आई दिवा लावते, बाबा डॉक्टरांचा नंबर शोधतात, आजी वाफाऱ्यासाठी पाणी तापवायला ठेवते.

या आजाराला डॉक्टर क्रूप म्हणतात. मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही, म्हणून पुष्कळ घरांत तो डांग्या खोकला समजला जातो. पण डांग्या खोकल्यात खोकल्याची लांबलचक उबळ येते, ती कित्येक आठवडे छळते आणि आवाज बसत नाही. क्रूप एकाएकी रात्री उठतो आणि बहुधा तीन-चार दिवसांत ओसरतो. तो होतो साध्या सर्दीच्या विषाणूंमुळे, त्यातही पॅराइन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूमुळे जास्त. सहा महिने ते तीन वर्षं हे त्याचं मुख्य वय.

हाच विषाणू मोठ्या माणसाला झाला तर नुसता घसा बसतो. मग मुलाचीच अशी अवस्था का होते? उत्तर एका कड्यात आहे. स्वरयंत्राच्या लगेच खाली श्वासनलिकेभोवती कूर्चेचं एक अखंड, बंद कडं असतं. त्याच्या खालची कडी मागच्या बाजूला उघडी असतात, हे मात्र पूर्ण गोल. त्यामुळे आतलं अस्तर सुजलं की त्याला बाहेर फुगायला जागा नसते, सूज आतच येते. लहान मुलाची नळी या ठिकाणी साधारण ४ मिलिमीटर रुंद धरली आणि चोहोबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर मधे उरतात फक्त २ मिलिमीटर. वाट रुंदीला निम्मी झाली, पण हवा ओढायला लागणारा जोर दुप्पट होत नाही. बारीक नळीतल्या प्रवाहाचा नियम असा, की नळी निम्मी झाली की विरोध १६ पट होतो. मोठ्या माणसाची नळी इथे ८ मिलिमीटर धरली, तर तेवढ्याच सुजेने विरोध जेमतेम तिप्पट होतो.

हा हिशोब शांत श्वासाचा झाला. मूल रडायला लागलं की हवा जोराने ओढली जाते, प्रवाहात भोवरे उठतात आणि विरोध आणखी वाढतो. शिवाय घट्ट लस्सी कागदी नळीने जोरात ओढली की नळी जशी चपटी होते, तशी मुलाची मऊ श्वासनलिका मानेच्या भागात आत खेचली जाते. म्हणजे मूल जितकं जोर लावेल तितकी वाट अरुंद होते, आणि वाट अरुंद झाली की ते आणखी घाबरतं. क्रूपमध्ये मुलाला शांत करणं हाच घरातला खरा उपचार आहे, तो याच कारणाने.

त्या घरात काय करावं? एकाने, ज्याच्याकडे मूल सगळ्यात लवकर शांत होतं त्याने, त्याला मांडीवर उभट बसवावं, पाठ आपल्या छातीला टेकवून. आडवं पाडू नये. मूल स्वतः ज्या स्थितीत बसू पाहतंय तीच त्याला सोयीची असते. दिवा मंद, बाकीचे दोन पावलं मागे, हळू आवाजात रोजचं अंगाईगीत किंवा गोष्ट. घोट-घोट पाणी किंवा दूध घेत असेल तर द्यावं, जबरदस्ती नको. ताप असेल तर डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल चालतं. घशात चमचा घालून बघू नये. त्याने मूल रडतं आणि वाट अजून आवळते.

आजीच्या वाफाऱ्याबद्दल मला स्पष्टच लिहायला हवं, कारण तो प्रेमाने केला जातो. क्रूपमध्ये वाफेने श्वास सुधारतो असं चाचण्यांत दिसलेलं नाही. उलट घाबरून हातपाय झाडणारं मूल आणि उकळत्या पाण्याचं पातेलं एकाच खोलीत असणं फार धोक्याचं आहे. मध-सुंठीचं चाटण या वेळी नको, आणि एक वर्षाच्या आत मध कधीच नको. खोकल्याच्या औषधानेही ही सूज उतरत नाही. गुंगी आणणारं औषध तर मुळीच देऊ नये.

गार हवेचं मात्र वेगळं आहे. जिनिव्हाच्या डॉक्टरांनी २०२३ साली ११८ मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांना औषध दिलं, पण निम्म्यांना अर्धा तास बाहेरच्या १० अंशांखालच्या हवेत बसवलं. अर्ध्या तासाने बाहेरच्यांपैकी जवळजवळ निम्मी मुलं ठळकपणे सुधारली होती, आत बसलेल्यांपैकी साधारण पाव. एवढी थंडी मुंबईत मिळत नाही. नाशिक-पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्रीच मिळते. तरी मुलाला चादरीत गुंडाळून दहा मिनिटं गॅलरीत नेण्यात तोटा नाही, आणि उठून बाहेर गेल्याने मूल पुष्कळदा शांतही होतं.

मूल शांत झाल्यावर मग त्याचा सदरा वर करून बघावं. खोकला किती जोरात भुंकतो याला फार महत्त्व नाही. प्रश्न दोनच: रडत नसताना, मांडीवर स्वस्थ असतानाही श्वास आत घेताना तो कर्कश आवाज येतोय का? आणि गळ्याखालची खळगी किंवा बरगड्यांमधली जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जातेय का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर मुलाशेजारी झोपावं आणि सकाळी डॉक्टरांना दाखवावं. एकाचंही हो असेल, तर त्याच रात्री दवाखाना.

ओठ निळसर दिसले, मूल ग्लानीत गेलं, किंवा लाळ गिळता न येता गळायला लागली, तर १०८ ला फोन करायचा, थांबायचं नाही. एक फसवी गोष्ट लक्षात ठेवावी: आवाज कमी झाला पण मूल थकून मलूल पडलं, तर ते बरं होणं नव्हे, हवा कमी जाते आहे. आणि सर्दी-ताप काही नसताना, शेंगदाणे किंवा फुटाणे खाताना एकदम ठसका लागून असा आवाज सुरू झाला असेल, तर तो क्रूप मानू नये. दाणा अडकलेला असू शकतो.

दवाखान्यात बहुधा डेक्सामेथासोनचा एकच डोस तोंडाने देतात. हे सूज उतरवणारं स्टिरॉइड आहे, सौम्य क्रूपमध्येही उपयोगी पडतं, पण परिणाम दिसायला काही तास लागतात. श्वास फार अडकत असेल तर ॲड्रेनॅलिनची वाफ यंत्राने देतात. ती अर्ध्या तासात काम करते आणि साधारण दोन तासांत तिचा जोर ओसरतो. म्हणून मूल खेळायला लागलं तरी डॉक्टर काही तास सोडत नाहीत. घाईने घरी न्यायचा हट्ट तेव्हा करू नये. अँटिबायोटिकचा इथे उपयोग नसतो, कारण आजार विषाणूचा आहे.

आपल्या गोष्टीतलं मूल वीस मिनिटांत मांडीवर निवांत झालं. कर्कश आवाज थांबला, खळगी ओढली जात नव्हती. सकाळी ते नेहमीसारखं खेळलं, आणि घरच्यांना रात्रीचं सगळं स्वप्नासारखं वाटलं. पण क्रूप बहुधा दुसऱ्या रात्रीही उठतो, शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड मध्यरात्री सगळ्यात कमी असतं हे त्यामागचं एक कारण मानतात. म्हणून आईने दिवसाच डॉक्टरांना दाखवलं, औषधाचा तो डोस दिला आणि रात्री मुलाची गादी आपल्या शेजारी ओढून घेतली. एकच्या सुमारास खोकला पुन्हा भुंकला. तिने दिवा लावला नाही, त्याला उचलून मांडीवर घेतलं.