टॅगवरून तातडीचा पॅच रिलीज

ग्राहकांच्या हातात असलेल्या आवृत्तीत गंभीर चूक सापडते आणि तोवर मेन ब्रांच इतकी पुढे गेलेली असते, की ती आहे तशी कोणालाच देता येत नाही. अशा वेळी गिटमध्ये जुन्या आवृत्तीच्या टॅगपासून वेगळी ब्रांच काढतात, तीत ती एकच दुरुस्ती करतात आणि नवी छोटी आवृत्ती बाहेर काढतात. हाच पॅच रिलीज. बोलताना सगळे ‘हॉटफिक्स’ म्हणतात. आवृत्तीच्या क्रमांकात फक्त शेवटचा आकडा वाढतो, म्हणजे ४.२.० ची ४.२.१ होते. पॅच चांगला आहे की नाही हे त्यात काय आहे यापेक्षा काय नाही यावरून कळते. मेनवर महिनाभर चाललेल्या कामातली एकही ओळ त्यात शिरलेली नसावी.

या पद्धतीचे एक जुने उदाहरण लिनक्स कर्नलचे आहे. ऑगस्ट २००४ मध्ये २.६.८ ही आवृत्ती निघाली आणि तिच्यातल्या एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइल-व्यवस्थेतल्या चुकीमुळे लगेच २.६.८.१ काढावी लागली. मार्च २००५ पासून अशा दुरुस्त्यांची स्वतंत्र ‘स्टेबल’ मालिकाच सुरू झाली. तिचे दोन नियम आजही पाळले जातात: दुरुस्ती आधी मुख्य शाखेत गेलेली असली पाहिजे, आणि पॅच आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठा नसावा. पहिल्या नियमामागे साधा हिशेब आहे. घाईत जुन्या आवृत्तीत केलेली दुरुस्ती मेनमध्ये न्यायची राहिली, तर पुढच्या मोठ्या रिलीजमध्ये तीच चूक पुन्हा ग्राहकाकडे पोचते.

इंदूरचे एक उदाहरण

समजा, इंदूरच्या विजयनगरमधली एक छोटी कंपनी कपड्याच्या दुकानांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर करते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. तयार कपड्यांना नगाची किंमत अडीच हजार रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याहून जास्त असेल तर १८ टक्के, असा नियम झाला. कंपनीने ४.२.० ही आवृत्ती त्यासाठीच काढली आणि लगेच मेनवर ५.० चे काम हाती घेतले. त्यात रकमा रुपयांऐवजी पैशांत साठवायला सुरुवात झाली, प्रिंटिंगचा भाग नव्याने लिहायला घेतला आणि स्टॉकचा भाग अर्धा उघडून ठेवला.

दिवाळीच्या तोंडावर राजवाड्याजवळच्या एका दुकानातून फोन येतो: “अहो, बरोब्बर अडीच हजारांच्या कुर्त्यावर अठरा टक्के लागतायत. गिऱ्हाईक काउंटरवर भांडतंय.” कर धरण्याआधीची किंमत ₹२,५०० असेल तर कर ₹१२५ व्हायला हवा, बिलावर येतात ₹४५०. कोड उघडला की कारण लगेच दिसते. तुलना ‘पेक्षा कमी’ अशी लिहिली आहे, ती ‘पेक्षा कमी किंवा तेवढीच’ अशी हवी होती. दुरुस्ती एका चिन्हाची आहे, पण ५.० निघायला अजून दोन महिने आहेत आणि दुकाने आजच गर्दीने भरली आहेत.

टॅगपासून ब्रांच

```
git fetch --tags
git switch -c hotfix/4.2.1 v4.2.0
```

इथे `-c` देऊन ब्रांचला नाव देणे महत्त्वाचे आहे. नुसते `git checkout v4.2.0` केले तर रेपो ‘डिटॅच्ड हेड’ अवस्थेत जातो. तिथे केलेली कमिट कोणत्याच ब्रांचवर नसते आणि दुसरीकडे वळताच नजरेआड होते. ती `git reflog` मधून परत मिळवता येते, पण ग्राहक फोनवर थांबलेला असताना ते शोधत बसावे लागू नये.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत जास्त वेळ वाचवते. कोडला हात लावण्याआधी जुना टॅग जसा आहे तसा बिल्ड करून पाहावा आणि त्याच्या सगळ्या टेस्ट चालवाव्यात. कोड गोठलेला असला तरी त्याच्या भोवतालचे जग पुढे सरकलेले असते. बिल्डची इमेज डेबियन १० वर आधारलेली असेल, तर तिची पॅकेजे आता मुख्य सर्व्हरवरून हलवून आर्काइव्हमध्ये ठेवलेली आहेत आणि `apt-get update` ४०४ देऊन थांबते. लॉकफाइल नसेल किंवा `npm ci` ऐवजी `npm install` चालवले असेल, तर एखादी लायब्ररी गुपचूप नव्या आवृत्तीवर जाऊ शकते. मग पॅचमध्ये आपली एक ओळ आणि कोणीच न तपासलेली दुसऱ्याची शेकडो ओळींची भर, असे मिश्रण दुकानात पोचते. जुना टॅग बदल न करता बिल्ड होत नसेल, तर तो प्रश्न आधी आणि वेगळ्या कमिटमध्ये सोडवावा. दुरुस्तीनंतर बिल्ड मोडले तर दोष कशाचा हे तेव्हाच वेगळे सांगता येते.

चेरी-पिक आणि त्यातला सापळा

नियमाप्रमाणे दुरुस्ती आधी मेनवर झाली आहे. ती कमिट आता जुन्या ब्रांचवर आणायची:

```
git cherry-pick -x 9f3c1ab
```

`-x` मुळे मूळ कमिटचा हॅश नव्या कमिटच्या संदेशात लिहिला जातो. चेरी-पिकने कमिटचा हॅश बदलतो, म्हणून ही दुरुस्ती कुठून आली हे सहा महिन्यांनी कळण्याची सोपी खूण तेवढीच उरते.

मेन पुढे गेलेली असल्यामुळे इथे कॉन्फ्लिक्ट येतो:

```
<<<<<<< HEAD
  return price < 2500 ? 5 : 18;
=======
  return price <= 250000 ? 5 : 18;
>>>>>>> 9f3c1ab (GST limit fix)
```

वरची ओळ जुन्या आवृत्तीची, खालची मेनवरून आलेली. घाईत सहज वाटते, की खालची ओळ दुरुस्त केलेली आहे, तीच ठेवावी. पण मेनवर `price` पैशांत आहे आणि ४.२ मध्ये रुपयांत. खालची ओळ जशीच्या तशी घेतली तर मर्यादा अडीच हजारांची अडीच लाख होते आणि दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक कपड्याला ५ टक्केच कर लागतो.

ही चूक टेस्टमधूनही निसटू शकते. तक्रार ₹२,५०० च्या कुर्त्याची होती, म्हणून कोणी तेवढीच टेस्ट लिहिली तर ती पास होते, कारण अडीच हजारांवर आता खरोखर ५ टक्केच येतात. ₹२,४९९ ची टेस्टही पास होते. ₹२,५०१ ला १८ टक्के आले पाहिजेत, ही तिसरी टेस्ट असेल तरच ती लाल होते. म्हणून मर्यादेची दुरुस्ती असेल तेव्हा खालचा, नेमका आणि वरचा, असे तिन्ही आकडे तपासावेत. मेनवरच्या टेस्टही पैशांत लिहिलेल्या असतात, त्या जुन्या ब्रांचवर रुपयांत उतरवाव्या लागतात.

कॉन्फ्लिक्ट आला हे इथे एका परीने बरेच झाले, कारण माणसाला थांबून बघावे लागले. गिट फक्त मजकुराची जुळणी बघते, एकक किंवा अर्थ बघत नाही. मर्यादा दुसऱ्या फाइलमध्ये ठेवलेली असती आणि ही ओळ दोन्हीकडे सारखी असती, तर चेरी-पिक मुकाट्याने झाले असते. ते योगायोगाने बरोबर आहे की चूक, हे जुना कोड वाचूनच कळले असते. मेन फारच बदललेली असेल तर चेरी-पिकचा नाद सोडून जुन्या ब्रांचवर तीच दुरुस्ती हाताने लिहावी आणि मूळ कमिटचा हॅश संदेशात स्वतः नोंदवावा. या उदाहरणात मला तोच मार्ग योग्य वाटतो: `<` च्या जागी `<=`, बाकी काही नाही.

टॅग आणि पडताळणी

क्रमांक ठेवणाऱ्या फाइलमध्ये ४.२.१ लिहिले की टॅग करण्याआधी एक आज्ञा चालवावी:

```
git diff --stat v4.2.0 hotfix/4.2.1
```

यादीत कराची फाइल, टेस्टची फाइल आणि क्रमांकाची फाइल एवढेच दिसायला हवे. लॉकफाइलमध्ये क्रमांक असेल तर तीही. प्रिंटिंगची फाइल दिसली तर ब्रांच टॅगऐवजी मेनपासून निघाली आहे किंवा कोणीतरी मर्ज केले आहे, असे समजावे. मग तीच ब्रांच साफ करत न बसता टॅगपासून पुन्हा सुरुवात करणे लवकर होते.

```
git tag -a v4.2.1 -m "GST 2500 limit"
git push origin hotfix/4.2.1 v4.2.1
```

टॅग एकदा बाहेर गेला की तो हलवू नये. सर्व्हरवर तो जबरदस्तीने बदलला तरी ज्यांनी आधी ओढून घेतला आहे त्यांच्याकडे जुनाच राहतो, गिट २.२० पासून साधे `git fetch` असलेला टॅग बदलायला नकार देते. मग एकाच नावाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या फिरतात आणि दुकानातल्या संगणकावर ‘४.२.१’ दिसते त्याचा नेमका अर्थ कोणालाच सांगता येत नाही. पॅच चुकला तर ४.२.२ काढावी. आकड्यांना पैसे पडत नाहीत.

मेनकडे परत

दुरुस्ती आधी मेनवर झाली असेल तर परत नेण्यासारखे काही उरत नाही, फक्त खात्री करायची असते. दुकाने बंद पडली आहेत आणि क्रम उलटा करावा लागला, तर मेनवरची दुरुस्ती त्याच दिवशी करावी. `git cherry main hotfix/4.2.1` ही आज्ञा मेनवर जोडीदार नसलेल्या कमिट अधिक चिन्हाने दाखवते, पण ती बदलाच्या मजकुराची तुलना करते. इथे एकीकडे २५०० आणि दुसरीकडे २,५०,००० असल्यामुळे दुरुस्ती मेनवर असूनही अधिक चिन्ह येत राहील. तेव्हा भरवसा टेस्टवरच ठेवावा: तिन्ही आकड्यांची टेस्ट मेनवर पैशांत लिहिलेली आहे आणि हिरवी आहे, हे बघावे.

मर्जचे कॉन्फ्लिक्ट टाळण्यासाठी काही जण मेनवर `git merge -s ours hotfix/4.2.1` करतात. त्यामुळे इतिहासात ब्रांच मर्ज झालेली दिसते, पण तिच्यातला एकही बदल येत नाही. दुरुस्ती मेनवर आधीच वेगळ्या रूपात आहे याची खात्री असेल तरच हे चालते.

या पद्धतीला एक खरी मर्यादा आहे: डेटाबेस. दुरुस्तीसाठी टेबलाची रचना बदलावी लागत असेल, तर नवी मायग्रेशन जुन्या ब्रांचवर लिहिताच ती मेनवरच्या मायग्रेशनच्या क्रमाशी भिडते. ४.२.१ वरून ५.० वर येणाऱ्या दुकानात ती आधीच चाललेली असते आणि ४.२.० वरून थेट येणाऱ्या दुकानात नसते, म्हणून मेनवर ती दोन्ही अवस्था ओळखेल अशी लिहावी लागते. शक्य असेल तर पॅचमध्ये टेबलाला हात न लावता कोडमध्येच तोडगा काढावा आणि रचनेचा बदल ५.० साठी ठेवावा. चुकीच्या कराने आधीच निघालेली बिले पॅचने दुरुस्त होत नाहीत. ती शोधून दुकानदाराला त्यांची यादी द्यावी लागते, म्हणजे तो ग्राहकांना क्रेडिट नोट देऊ शकतो.