गुणोत्तर अडतं तिथे मूळ का चालतं: एका कसोटीची पार्श्वभूमी

१/२ + १/४ + १/८ + १/१६ + … या श्रेणीची बेरीज १ होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आता तिच्यातली शेजारची दोन-दोन पदं आपापसात बदलून टाका. श्रेणी अशी दिसेल:

1/4 + 1/2 + 1/16 + 1/8 + 1/64 + 1/32 + …

पदं तीच आहेत, सगळी धन आहेत, त्यामुळे बेरीजही १ च राहते. पण गुणोत्तर कसोटी लावायला गेलं की पंचाईत होते. ही कसोटी पुढचं पद भागिले आधीचं पद हे गुणोत्तर शेवटी कुठे जातं ते बघते: १ पेक्षा लहान सीमेकडे गेलं तर श्रेणी अभिसारी, म्हणजे तिला ठराविक बेरीज आहे, आणि १ पेक्षा मोठ्या सीमेकडे गेलं तर अपसारी, म्हणजे तशी बेरीज नाही. दुसरं पद भागिले पहिलं २ येतं, तिसरं भागिले दुसरं १/८, मग पुन्हा २, पुन्हा १/८. हा खेळ अखेरपर्यंत असाच चालतो. गुणोत्तराला सीमाच नाही, आणि एक आड एक गुणोत्तर १ पेक्षा मोठं आहे. इतक्या साध्या अदलाबदलीने कसोटी मुकी होते, कारण ती फक्त शेजारच्या पदाकडे बघते.

ही शेजाऱ्याकडे बघण्याची रीत आली फ्रान्समधल्या द'अलांबेरकडून. १७६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्याने द्विपद श्रेणीची लागोपाठची पदं तपासली. त्याचं उदाहरण मला फार आवडतं. १ + २००/१९९ या संख्येचं वर्गमूळ द्विपद श्रेणीने काढायचं. पहिल्या काही पदांनंतर ही श्रेणी सज्जनासारखी वागते, पदं लहान-लहान होत जातात. पण n व्या आणि त्याच्या पुढच्या पदाचं गुणोत्तर, चिन्ह सोडून, साधारण (1 − 1.5/n) × 200/199 इतकं असतं. n = ३०० ला ते बरोबर १ होतं आणि त्यापुढे १ च्या वर जातं. म्हणजे तीनशे पदं मांडून बसलेला माणूस खुशीत असेल, आणि नेमकी तिथून पदं वाढायला लागतील. सुरुवातीची पदं बघून निकाल देऊ नये, गुणोत्तर शेवटी कुठे जातं ते बघावं, हे यातून दिसलं.

मूळ कसोटी आली ती १८२१ मध्ये, फ्रेंच गणिती कोशीच्या ‘कूर द'आनालीझ’ या पुस्तकात. पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकमधल्या विद्यार्थ्यांसाठी त्याने ते लिहिलं होतं. श्रेणींच्या प्रकरणात त्याने आधी मूळ कसोटी दिली आहे आणि गुणोत्तर कसोटी नंतर. आपल्या बहुतेक पाठ्यपुस्तकांनी हा क्रम उलटा केला. त्यामुळे मुलांना मूळ कसोटी ही ‘पहिली चालली नाही तर दुसरी’ अशी, राखीव खेळाडूसारखी वाटते. कोशीच्या मांडणीत मुख्य तीच आहे.

तिचा विचार असा. n वं पद घ्या आणि त्याचं n वं मूळ काढा. हे मूळ शेवटी १ पेक्षा लहान अशा k कडे जात असेल, तर k आणि १ यांच्या मधली एखादी संख्या U निवडा. एका टप्प्यानंतर प्रत्येक पदाचं मूळ U पेक्षा लहान राहील, म्हणजेच पद U^n पेक्षा लहान राहील. U, U², U³ … ही भूमिती श्रेणी तर अभिसारी आहेच. तिच्याखाली दबलेली आपली श्रेणीही अभिसारी ठरते. k जर १ पेक्षा मोठा असेल, तर कितीतरी पदं १ पेक्षा मोठी राहतात, ती शून्याकडे जातच नाहीत आणि श्रेणी अपसारी होते.

वरच्या श्रेणीवर हे करून बघू. तिचं n वं पद असं लिहिता येतं:

a_n = 2^((-1)^n − n)

n वं मूळ घेतलं की 2^(−1 + (−1)^n/n) उरतं. n = १० ला हे साधारण ०.५३६ येतं, n = ११ ला ०.४६९, n = १०० ला ०.५०३, n = १०१ ला ०.४९७. वरखाली होणं आहे, पण ते (−१)^n/n मध्ये अडकलेलं आहे आणि n ने भागून विरघळून जातं. सीमा १/२, श्रेणी अभिसारी. गुणोत्तराने एकेका पावलाची लांबी मोजली आणि ती गोंधळली. मुळाने पहिल्या पदापासून इथपर्यंतच्या सगळ्या वाटचालीची सरासरी काढली.

पण मुळालाही सीमा नसली तर? कोशीने याचीही सोय केली होती. त्याचे शब्द ‘एक सीमा किंवा अनेक सीमा’ असे आहेत, आणि k म्हणजे त्यातली सर्वांत मोठी. आज आपण तिला ऊर्ध्व सीमा म्हणतो. हे पद घ्या:

a_n = ((2 + (−1)^n)/4)^n

विषम n ला मूळ १/४, सम n ला ३/४. मूळ दोन ठिकाणी उड्या मारतं, पण मोठी सीमा ३/४ ही १ पेक्षा लहान आहे, त्यामुळे श्रेणी अभिसारी. गुणोत्तरं मात्र बघण्यासारखी आहेत: ९/४, १/३६, ८१/४ … एक आड एक अनंताकडे आणि शून्याकडे पळणारी.

आता एक गैरसमज, जो वर्गात हमखास भेटतो. गुणोत्तराची सीमा १ आली की ‘कसोटी निरुत्तर, आता मूळ काढू’ असं विद्यार्थी लिहितात. त्याचा काही उपयोग नाही. गुणोत्तराला सीमा असेल तर मुळालाही तीच सीमा असते, हे प्रमेय कोशीने त्याच पुस्तकात आधीच्या प्रकरणात सिद्ध करून ठेवलं आहे. गुणोत्तर १ कडे गेलं की मूळही १ कडेच जाणार. मूळ कसोटी मदतीला येते ती गुणोत्तराला सीमाच नसताना.

सीमा १ असतानाचा सापळा 1/n या पदाच्या श्रेणीवर दिसतो. n = १००० ला त्या पदाचं मूळ ०.९९३ आहे, 1/n² चं ०.९८६. दोन्ही १ पेक्षा लहान, आणि n कितीही मोठा घेतला तरी लहानच. ‘मूळ १ पेक्षा लहान, म्हणून अभिसारी’ असं इथे लिहिलं की घात झाला, कारण पहिली श्रेणी अपसारी आहे आणि दुसरी अभिसारी. U ला बसायला k आणि १ यांच्यामध्ये जागा लागते, आणि इथे सीमाच १ असल्याने ती जागा नाही. अशा श्रेणींसाठी कोशीने त्याच प्रकरणात वेगळी रीत दिली, ज्यात मोजकी पदं निवडून त्यांना २, ४, ८ अशा पटींनी गुणायचं. १८३२ मध्ये राबेची कसोटी आली, जी गुणोत्तर १ कडे किती वेगाने जातं ते तपासते.

मुळाच्या कसोटीचं पुढे एक नवल झालं. घातश्रेणी कुठवर अभिसारी राहते याचं सूत्र, म्हणजे सहगुणकांच्या मुळांची सर्वांत मोठी सीमा काढून तिचा व्यस्त घ्यायचा, हे कोशीच्या या पुस्तकात होतं. पण ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. १८८८ मध्ये फ्रेंच गणिती आदामारने ते पुन्हा शोधलं आणि १८९२ च्या प्रबंधात वापरलं. आज सूत्राला दोघांचं नाव आहे. 1 + x + x⁴ + x⁹ + x¹⁶ + … घेतलं तर त्याची गरज लगेच कळते. मधले कितीतरी सहगुणक शून्य आहेत, त्यामुळे शेजारच्या सहगुणकांचं गुणोत्तर कुठे ०/० होतं, कुठे शून्याने भागावं लागतं. मुळं मात्र ० आणि १ यांपैकीच येतात, मोठी सीमा १, आणि अभिसरणाची त्रिज्याही १.