लिपिड अहवाल कसा वाचावा आणि त्यासाठी उपाशी राहणे कितपत आवश्यक आहे?

लिपिड प्रोफाइल या रक्तातील स्निग्ध पदार्थांच्या तपासणीसाठी आपण काही खाऊन आला असाल, तर केवळ तेवढ्यावरून नमुना वाया गेला असे समजू नये. नेहमीच्या जेवणाने एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, फारसे बदलत नाहीत. बदलतात ती मुख्यतः ट्रायग्लिसराइड, कारण जेवणातील स्निग्ध पदार्थ आतड्यातून रक्तात येतात ते बहुतांशी याच रूपात आणि पुढचे काही तास तेथे राहतात. म्हणून उपाशीपोटी १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा धरतात, तर जेवणानंतरच्या नमुन्यासाठी ती साधारण १७५ धरली जाते.

खरा घोटाळा होतो तो एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या, आकड्यात. अनेक अहवालांत एलडीएल प्रत्यक्ष मोजलेले नसते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून ते काढलेले असते. त्यामुळे ट्रायग्लिसराइड वाढली की एलडीएल कागदावर कमी दिसू लागते.

समजा, जेवणानंतर दोन तासांनी घेतलेल्या नमुन्यात एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड २५० आली. २५०चा पाचवा भाग ५०, म्हणून एलडीएल १२० निघते. त्याच व्यक्तीच्या उपाशीपोटी घेतलेल्या नमुन्यात हेच आकडे अनुक्रमे २१२, ४० आणि १६० आले, तर एलडीएल १४० होते. शरीरातील एलडीएल वीसने वाढलेले नाही. आधीच्या हिशेबात गरजेपेक्षा जास्त वजाबाकी झाली होती, एवढेच. आता दोन्ही वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करून पाहावे: १७० आणि १७२. या आकड्याला नॉन-एचडीएल म्हणतात. उपवासावर तो जवळजवळ अवलंबून नसल्यामुळे, खाऊन दिलेल्या नमुन्याच्या अहवालात आपण आधी तोच पाहावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. तो छापलेला नसला तरी वहीच्या कोपऱ्यात काढता येतो.

ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेल्यास वरील सूत्राने काढलेले एलडीएल ग्राह्य धरू नये. अशा वेळी नमुना उपाशीपोटी पुन्हा द्यावा किंवा एलडीएल थेट मोजून घ्यावे. ट्रायग्लिसराइड फारच वाढली असतील, तर रक्तपेशी वेगळ्या केल्यावर नळीत वर राहणारा पिवळसर, पारदर्शक द्रव दुधासारखा पांढुरका दिसतो. उपाशीपोटीही आकडा ५००च्या पुढे असेल, तर डॉक्टरांना लवकर भेटावे. तो बराच वाढत गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

याआधी ट्रायग्लिसराइड वाढलेली आढळली असल्यास किंवा डॉक्टरांनी तसे सांगितले असल्यास नऊ ते बारा तास उपाशी राहून यावे. या काळात साधे पाणी चालते; साखर-दुधाचा चहा चालत नाही. आदल्या दिवशी मद्य घेऊ नये, कारण त्यानेही ट्रायग्लिसराइड वाढतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. नमुना देताना शेवटचे खाणे किती वाजता झाले ते आम्हाला अचूक सांगावे, म्हणजे ती वेळ अहवालावर नोंदवता येईल.