पार्श्वभूमी : स्टेप्ड शाफ्टच्या छेददृश्यात हॅचिंग कुठे करायचं?

स्टेप्ड शाफ्ट म्हणजे वेगवेगळ्या व्यासांच्या पायऱ्या असलेला दांडा. भाग कापून आतलं दाखवणाऱ्या चित्रात, म्हणजे छेददृश्यात, कापलेली जागा तिरप्या रेषांनी भरतात; तेच हॅचिंग.

हॅचिंगचा इतिहास रंगांत आहे. एकोणिसाव्या शतकात कापलेला भाग जलरंगाने भरत, धातूगणिक वेगळा रंग. पुढे ब्लूप्रिंट आली. निळ्या कागदावर रंग उतरेनात, म्हणून तिरप्या रेषा पुढे आल्या आणि धातूगणिक त्यांचे नमुने ठरले. आज धातू चित्राच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये लिहितात आणि एकच साधं हॅचिंग पुरतं : मुख्य बाह्यरेषेला 45 अंशांत, बारीक, सारख्या अंतरावर.

खरा वाद आहे तो लांबीच्या छेदाचा. भरीव शाफ्ट, बोल्ट, पुलीला शाफ्टवर घट्ट धरणारी चावी हे भाग छेदपातळीत लांबीने आले तरी कापलेले दाखवायचे नाहीत, असा संकेत आहे. जोडचित्रात तो फार उपयोगी पडतो, कारण शाफ्टवर हॅचिंग केलं तर बेअरिंग आणि पुली त्यात हरवतात. पण डिप्लोमा, आयटीआयच्या सरावात सुटा शाफ्ट देऊन ‘फ्रंट व्ह्यू सेक्शनमध्ये काढा’ असं सर्रास विचारतात. मुलं मग सगळा शाफ्ट रेषांनी भरतात, आणि त्यातून कारागिराला नवीन काहीच कळत नाही. माझ्या मते इथे चूक प्रश्नाची आहे.

समजा, 30, 50 आणि 40 मिमी व्यासांच्या तीन पायऱ्या आहेत. 30च्या पायरीवर 8 मिमी रुंद, 4 मिमी खोल चावीची खाच आहे आणि 40च्या टोकाला अक्षावर छोटं, आरपार न जाणारं आंधळं छिद्र आहे. फ्रंट व्ह्यू अखंड ठेवावा. छिद्रापुरता भाग हाताने काढलेल्या बारीक वेड्यावाकड्या रेषेने फोडून तेवढंच हॅचिंग करावं. खाचेवरून अक्षाला काटकोनात, कुठे कापलं ते सांगणारी कटिंग प्लेन लाइन न्यावी : बारीक साखळीरेषा, टोकं जाड, बाण पाहण्याच्या दिशेने, दोन्हीकडे A. बाजूला A-A छेद म्हणजे वरून खाच असलेली 30ची हॅच केलेली चकती. मागची 50ची पायरी तिथे काढू नये; काढली तर खाचेचं माप गर्दीत सापडत नाही.

शाफ्ट लांबीने कापलाच, तर पायरी बदलली म्हणून हॅचिंगची दिशा बदलायची नाही. दिशा बदलली की वाचणारा तिथे दोन वेगळे भाग जोडलेले समजतो आणि एका बारमधून टर्न करायचा शाफ्ट त्याला वरून बुश, म्हणजे वेगळी नळी, बसवलेला वाटतो. कॅडमध्ये हे हमखास घडतं, कारण प्रत्येक बंद चौकट वेगळी निवडून भरली जाते. पायऱ्यांमध्ये उभ्या रेषा दिसतात, पण त्या न कापलेल्या शाफ्टच्या बाहेरच्या कडा आहेत. कापलेल्या पृष्ठावर त्या नसतातच. आधी त्या काढून टाकाव्यात, मग सगळा भाग एकदाच भरावा.