फोटोतला गळा, फोटोतली बाही

कुर्ती शिवायला टाकायला येताना ताई-काकू आता मोबाइलवर फोटो घेऊन येतात. गळ्याचं, बाहीचं नाव चुकलं तरी चालेल, पण फोटोत नेमकं काय पाहायचं ते आधी ठरलं तर नंतरची उसवाउसव वाचते.

बोट गळा. हे बोट म्हणजे होडी, हाताचं बोट नव्हे. गळा रुंद असतो, पण खोल नसतो. गळ्याखालच्या हाडावरून एका खांद्याकडून दुसऱ्याकडे जवळजवळ सरळ रेघ जाते. खांदा १४ इंच असेल तर आम्ही गळा १० इंच रुंद ठेवतो, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन इंच खांदा उरतो. याहून रुंद मागितला तर करून देऊ, पण तो खांद्यावरून घसरेल.

काउल गळ्यात छातीवर कपड्याच्या सैल घड्या एकाखाली एक झोळीसारख्या लोंबतात. मागच्या लग्नसराईत एका काकूंनी फोटो दाखवून सांगितलं, "मले असाच पायजे." कपडा मात्र त्यांनी कडक सुती आणला होता. आम्हीही तेव्हा बोललो नाही, ही आमची चूक. घड्या खाली पडेचनात, पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहिल्या. शेवटी तो गळा काढून साधा गोल लावला. तेव्हापासून आम्ही आधी कपडा पाहतो. तुम्हीही दुकानातच पाहा: कपड्याची वरची कड दोन हातांत धरा आणि हात जवळ आणा. मधला भाग मऊ झोळ धरून खाली आला तर काउल जमेल. जॉर्जेट, क्रेप, सॅटिन चालतात. पुढचा भाग उरेब म्हणजे तिरपा कापावा लागतो, म्हणून अर्धा मीटर कपडा जास्त घ्या.

रॅगलन बाही खांद्यावर थांबत नाही, थेट गळ्यापर्यंत जाते. मुंड्याची गोल शिवण दिसत नाही. काखेतून गळ्याकडे तिरपी शिवण जाते. दोन रंगांच्या टी-शर्टात ती चटकन दिसते. वॉटर्लूच्या लढाईत (१८१५) हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलन यांचं हे नाव. हात वर करताना काखेत ओढ कमी बसते, म्हणून कापूस वेचायला लुगड्यावर घालायच्या शर्टाला ती आम्हाला फार आवडते. खांदे उतरते असतील तर मात्र ते आणखी उतरते दिसतात.

बिशप आणि फुगा बाहीत सगळ्यात जास्त घोळ होतो. चुण्या कुठे आहेत तेवढं पाहा. फुग्याच्या चुण्या वर, खांद्यापाशी असतात. बिशप वर साधी असते, खाली रुंद होत जाते आणि मनगटाला कफात चुण्या घेऊन बंद होते. ८ इंचांच्या कफाला खालचा घेर १६ इंच ठेवला की फुगवटा छान येतो. इतक्या अरुंद कफातून पंजा सहज जात नाही, म्हणून काज-बटण लागतंच. चुलीपाशी स्वयंपाक करणाऱ्यांनी ही बाही घरात घालायच्या कुर्तीला घेऊ नये, आणि घेतलीच तर आधी वर सारावी.

फोटो एक समोरून आणि एक बाजूने असे दोन आणा. ओढणीने गळा झाकलेला असला की आम्हालाही अंदाजच बांधावा लागतो.